कॅम्पला पास होतोय, मग दम का लागतोय?

डॉक्टर, मी भांडुपला राहतो, वय ३६, वजन ६८. बाविसाव्या वर्षापासून दर तीन महिन्यांनी रक्तदान करतो, कधी चुकवलं नाही, शेवटचं २६ जानेवारीला केलं. आता १ मेला मंडळाचा कॅम्प आहे आणि आयोजक मीच आहे. दोन-तीन महिने झाले, दादरचा पूल चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय ओढल्यासारखे होतात. दुसरा काही आजार नाही, फक्त अ‍ॅसिडिटीची गोळी रोज सकाळी घेतो. उन्हामुळे असेल म्हणून रसवंतीवर थांबतो तर रसापेक्षा बर्फच जास्त चघळतो, बायको हसते. गेल्या आठवड्यात टेस्ट केल्या. हिमोग्लोबिन १३.१ (पाच वर्षांपूर्वी १४.८ होतं), एमसीव्ही ७९, फेरिटिन १६. लॅबने रेंज १२ ते ३०० छापलीय म्हणजे नॉर्मलच ना? मित्र म्हणतो आयर्नच्या गोळ्या चालू कर आणि बिनधास्त रक्त दे. देऊ का? गोळी कुठली, किती दिवस? बायको वर्षातून एकदा देते पण गेल्या खेपेला ११.८ म्हणून तिला परत पाठवलं, तिनेही फेरिटिन करावं का?
– अ., भांडुप

पहिलं उत्तर पहिलं. १ मेला तुम्ही माइक धरा, खुर्च्या लावा, कॉफी-बिस्किटं वाटा, पण कॉटवर झोपू नका. आणि बायको हसते त्या बर्फाबद्दल, मला तुमच्या पत्रात सगळ्यात आधी तेच दिसलं. शरीरातलं लोह संपत आलं की काही लोकांना बर्फ चघळायची विचित्र तलफ येते, काहींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. असं का होतं ते कुणाला नीट सांगता येत नाही, पण लोह भरून निघालं की बऱ्याचदा ही तलफ आपोआप जाते, हिमोग्लोबिन वर यायच्या आधीच सुद्धा. ऊन आहेच हो, पण उन्हात माणूस रस पितो, पेल्याच्या तळाचा बर्फ उकरत बसत नाही.

आता फेरिटिन म्हणजे काय ते. तुमच्या सोसायटीत पाण्याच्या दोन टाक्या असतील, एक गच्चीवर, एक खाली जमिनीत. महापालिकेचं पाणी तासभर येतं ते खालच्या टाकीत पडतं, पंप लावला की वर जातं, घरातल्या नळाला वरच्या टाकीचं येतं. हिमोग्लोबिन ही वरची टाकी आणि फेरिटिनवरून खालच्या टाकीत किती आहे ते कळतं. खालची टाकी तळाला गेली तरी वरची भरलेली असेपर्यंत नळाला धार येत राहते आणि बिल्डिंगमधे कुणाला काही कळत नाही. कॅम्पमधे तुमच्या बोटाला टोचतात तेव्हा फक्त वरची टाकी बघतात, मशीनवर आकडा बघा नाहीतर तो निळ्या पाण्यात थेंब टाकायचा जुना प्रकार, मोरचुदाचं ठरावीक घनतेचं द्रावण असतं, थेंब पटकन तळाला गेला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. आपल्याकडे नियमाने १२.५ लागतं, पुरुषाला पण आणि बाईला पण तेवढंच. म्हणजे १४.८ चा माणूस हळूहळू १३.१ वर घसरला तरी तो दर वेळी पासच होत राहणार, कारण मागच्या खेपेला किती होतं ते कॅम्पमधे कोण बघतंय? म्हणून 'पास झालो' याचा अर्थ एवढाच की आज या माणसाचं रक्त पेशंटला चढवण्याजोगं आहे आणि दिल्यावर तो लगेच कोसळणार नाही. तुमची खालची टाकी कुठे आहे ते त्यात येत नाही.

आता जरा हिशोब करू, कंटाळू नका, पाचवीचं गणित आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमधे साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. ३५० मिलीची पिशवी आणि हिमोग्लोबिन १४ धरलं तर पिशवीत ४९ ग्रॅम हिमोग्लोबिन जातं, म्हणजे जवळजवळ १६५ मिलिग्रॅम लोह. (वजन ५५ च्या वर असलं की ४५० मिलीची पिशवीही घेतात, तेव्हा दोनशेच्या घरात जातं.) वर्षातून चार वेळा दिलं तर साडेसहाशेच्या वर, म्हणजे रोजचे १.८ मिलिग्रॅम. पुरुषाच्या अंगातून एरवीसुद्धा रोज एक मिलिग्रॅम जातंच, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून वगैरे. झाले पावणेतीन. आणि नेहमीच्या जेवणातून अंगी लागतं किती, तर रोज एक ते दोन मिलिग्रॅम. टाकी रिकामी व्हायला लागली की आतडं जरा जास्त ओढून घेतं, म्हणूनच तुम्ही चौदा वर्षं तगलात, पण त्यालाही मर्यादा आहे.

तुमच्या १६ चं काय? ढोबळमानाने फेरिटिनचा एक आकडा म्हणजे साठ्यातलं ८ मिलिग्रॅम लोह. १६ आठे १२८. आणि १ मेला ३५० मिली दिलंत तर १३.१ च्या हिशोबाने दीडशेच्या वर लोह जाणार. सव्वाशेच्या टाकीतून दीडशेचा उपसा करायचा आणि मग नव्या लाल पेशी बनवायला हाडातल्या मगजाने लोह आणायचं कुठून? शिवाय एमसीव्ही ७९ आहे, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार लहान व्हायला लागलाय, खालच्या टाकीचा परिणाम वर पोचला असा त्याचा अर्थ. २६ जानेवारीला तीन महिने होत आले तरी आकडा इथे आहे, म्हणजे मागच्या पिशवीचंच अजून भरून निघालेलं नाही.

लॅबची छापील रेंज सोडून द्या. ती लॅबप्रमाणे बदलते, एकीकडे १२ पासून सुरू होते दुसरीकडे २० च्या वर, आणि ज्यांच्यावरून ती काढतात त्यांच्यातल्याच कितीतरी जणांचा साठा आधीच आटलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसात १५ च्या खाली असेल तर लोह कमी म्हणते, पण रक्तदात्यांवरच्या अभ्यासांत बहुतेक ठिकाणी २६ ची रेघ धरतात, त्याच्या खाली गेलं की मगजाला लोह अपुरं पडायला लागलेलं असतं. तुम्ही दोन्हींच्या मधे आहात आणि वर लक्षणं आहेत, त्यामुळे नॉर्मल वगैरे काही नाही.

उलट्या बाजूची एक गंमत पण सांगते. फेरिटिन कमी आलं तर त्यावर सहसा विश्वास ठेवायचा, पण चांगलं आलं तर दोनदा विचार करायचा. कारण ताप, इन्फेक्शन, सूज, फॅटी लिव्हर, दारू यात ते खोटं वर जातं. डेंग्यूतून उठलेला माणूस दहा दिवसांनी टेस्ट करतो, दीडशे-दोनशे येतं आणि तो खूष, प्रत्यक्षात टाकीत खडखडाट असू शकतो. म्हणून तापानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. टेस्टला उपाशी राहायची गरज नाही, पण केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करायच्या, काही मशीनवर त्यामुळे फेरिटिन खोटं कमी येतं.

मग प्रत्येक दात्याने ही टेस्ट करावी का, तर अजिबात नाही. वर्षातून एकदा वाढदिवसाला रक्त देणाऱ्या धडधाकट पुरुषाने कशाला पैसे घालवायचे. मी कुणाला सांगते, तर वर्षाला तीन किंवा जास्त वेळा देणारे पुरुष, वर्षाला दोनदा देणाऱ्या पाळी चालू असलेल्या बायका, कॉलेजमधली नियमित देणारी मुलं-मुली, ज्यांचं हिमोग्लोबिन १२.५ च्या आसपास घुटमळतंय ते, आणि कमी हिमोग्लोबिन म्हणून एकदा जरी परत पाठवलेले सगळे. वर्षातून एकदा, आणि रक्तदानाच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे मागच्या खेपेचं भरून आलंय का ते दिसतं. दिल्यावर आठवड्याभराने केली तर कमी येणारच, त्यातून कळणार काय?

गोळीकडे येऊ. तुमच्या मित्राचा अर्धा सल्ला बरोबर आहे, गोळी चालू करायची. बिनधास्त रक्त द्यायचं ते चूक. अमेरिकेत २०१५ मधे यावर एक चांगला अभ्यास छापून आला, रक्त दिल्यावर काही दात्यांना रोज ३७.५ मिलिग्रॅम लोहाची गोळी दिली, बाकीच्यांना काहीच नाही. फेरिटिन २६ किंवा त्याखाली होतं त्यांच्यात, रक्तदानात गेलेल्या हिमोग्लोबिनपैकी ८० टक्के भरून यायला गोळीवाल्यांना ३२ दिवस लागले आणि बिनगोळीवाल्यांना १५८. पाच महिने! आणि आपण पुरुषांना ९० दिवसांनी परत बोलावतो, बायकांना १२० दिवसांनी. आणखी एक, गोळी न घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश जणांचा लोहाचा साठा साडेपाच महिन्यांनंतरही पहिल्यासारखा झाला नव्हता.

आता दुकानात गेलात की गोंधळ होतो तो पाकिटावरच्या आकड्याचा. 'फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम' असं लिहिलं असेल तर तेवढं लोह नसतं, ते अख्ख्या क्षाराचं वजन, त्यात लोह साधारण ६५. बघायचं ते 'एलिमेंटल आयर्न' किती लिहिलंय. आपल्याकडे फेरस अ‍ॅस्कॉर्बेटच्या ज्या गोळ्या सर्रास मिळतात त्यात १०० मिलिग्रॅम एलिमेंटल आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं. जास्त म्हणजे चांगलं असं वाटून काही जण सकाळ-संध्याकाळ दोन घेतात आणि तिथेच फसतात. ६० किंवा त्याच्या वरचा डोस पोटात गेला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं, ते दुसऱ्या दिवसापर्यंत आतड्याचं दार अर्धं लावून ठेवतं, त्यामुळे मागून आलेल्या गोळीतलं लोह फारसं आत जातच नाही, खाली जातं आणि पोट मात्र बिघडवतं. म्हणून तुमच्यासारख्याला ६० ची एक गोळी एक दिवस आड, बास. तुमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून लिहून घ्या, त्यांनी १०० ची दिली तर ती पण एक दिवस आडच चालेल का विचारा.

किती दिवस, ते पण काढू. १३.१ वरून १४.५ ला न्यायचं तर अंगातल्या पाच लिटर रक्तात ७० ग्रॅम हिमोग्लोबिन वाढवायचं, त्याला २४० मिलिग्रॅम लोह. फेरिटिन १६ वरून ४५ ला न्यायला आणखी २३० च्या आसपास. मिळून पावणेपाचशे. ६० च्या गोळीतलं १५ टक्के अंगी लागलं तर ९, एक दिवस आड म्हणजे रोजचे साडेचार. भागा, साडेतीन महिने आले. कुणाला कमी अंगी लागतं, कुणाला जास्त, म्हणून चार महिने धरून चाला. आणि मधे एकदा रक्त दिलंत तर त्यातला एक महिना सरळ पाण्यात, म्हणून म्हटलं बिनधास्त देऊ नका. बरेच जण इथेच सोडतात, महिन्याभरात धाप कमी होते, बर्फ सुटतो, माणसाला वाटतं झालं. तेव्हा वरची टाकी भरत आलेली असते, खालची अजून रिकामीच.

घ्यायची कधी? चहापासून लांब. आपल्याकडे गोळी आणि कटिंग हे जोडीने चालतं, आणि चहातलं टॅनिन लोहाला आतड्यातच धरून ठेवतं, तसंच दूध, दही, कॅल्शियमच्या गोळ्याही आड येतात. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी पाण्याबरोबर, लिंबू पिळलेलं असलं तर उत्तम, आणि मग तासभर चहा नाही. ते जमत नसेल (मला स्वतःला जमलं नसतं) तर रात्री झोपताना, जेवून दोन तास झाल्यावर. मळमळ झाली तर थोडं खाऊन घ्या, जरा कमी अंगी लागेल पण गोळी चालू तरी राहील. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर. आणि घरात लहान मूल असेल तर गोळ्या कुलपात, गंमत नाही, मूठभर लाल गोळ्या गोड समजून खाल्ल्या तर मुलाच्या जिवावर बेततं.

तुमची ती अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी मात्र मला खटकतेय. अन्नातलं लोह सुटं व्हायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं आणि तुम्ही रोज सकाळी तेच बंद करताय. कोणी सुरू केली, किती वर्षं झाली, अजून खरंच लागते का, हे डॉक्टरांना विचारा, एकदम मनाने बंद करू नका. आणि त्यांना हे पण सांगा की पोटात जळजळ का होते ते बघा. चार-चार वेळा रक्त देणाऱ्याचं लोह कमी असेल तर कारण समोर आहे हे खरं, पण म्हणून दुसरं कारण नसेलच असं नाही. माझ्याकडे एक नियमित दाते यायचे, पन्नाशी उलटलेले, फेरिटिन ९, सगळे म्हणाले रक्तदानामुळे. सहा महिने रक्त दिलं नाही, गोळ्या नेमाने घेतल्या तरी आकडा १२ च्या वर जाईना, मग खोदून विचारलं तर गुडघ्यासाठी वर्षभर पेनकिलर चालू. दुर्बिणीतून तपासलं, पोटात अल्सर होता आणि तो थेंब थेंब रक्त गळत होता. म्हणून नियम सोपा ठेवा, गोळी चालू करून एका महिन्याने फक्त हिमोग्लोबिन करायचं, तुमच्या केसमधे निदान अर्धा-एक ग्रॅम तरी वर दिसायला हवं. नाही दिसलं, किंवा गोळी सुरू व्हायच्या आधीपासून शौचाला काळं होत असेल, मूळव्याधीचं रक्त जात असेल, वजन उतरत असेल तर थांबायचं नाही, दाखवायचं.

मित्राला एक निरोप पण द्या. टेस्ट न करता ज्याला त्याला आयर्न वाटत फिरू नको म्हणावं. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचं पण हिमोग्लोबिन जरा कमी आणि एमसीव्ही कमीच असतं, सिंधी, लोहाणा, पंजाबी कुटुंबांत जास्त पण मराठी घरांत पण आहेत, आणि त्यांचं फेरिटिन चांगलं असेल तर लोह देऊन काडीचा उपयोग नाही, वर्षानुवर्षं घेत राहिले तर नुकसानच. तिथेच फेरिटिनची टेस्ट कामाला येते, लहान पेशी लोहाअभावी आहेत की जन्मजात, ते तिने बऱ्याच अंशी वेगळं होतं.

बीट, खजूर, डाळिंब, गूळ-शेंगदाणे हे तुम्हाला आता घरोघरी सांगतील. खा, छान लागतं. पण बीटचा लाल रंग लोहाचा नाही, १०० ग्रॅम बीटमधे एक मिलिग्रॅम पण लोह नसतं. अळिवात खरंच भरपूर असतं, पण अंगी थोडंच लागतं, वर लिंबू पिळा. मटण, कलेजी खात असाल तर त्यातलं लोह भाजीपाल्यातल्यापेक्षा कितीतरी सहज आत जातं. साठा भरल्यावर तो टिकवायला हे सगळं ठीक आहे, पावणेपाचशेचा खड्डा त्याने भरायला वर्षं जातील.

बायकोचं. वर्षातून एकदा रक्त देणाऱ्या बाईचं ११.८ रक्तदानामुळे झालेलं नाही, बायकांना १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमियाच. तिने सीबीसी आणि फेरिटिन दोन्ही करावं, आणि पाळीत किती जातं ते स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावं, दोन तासांत पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का. बऱ्याच बायकांना आपलं जास्त आहे हेच माहीत नसतं, कारण आईचं पण तसंच होतं. आणि 'परत पाठवलं' हा तिला कमीपणा वाटला असेल तर तसं काही नाही, त्या दिवशी टेबलावर बसलेल्या टेक्निशियनने तिच्यावर उपकार केले.

तुमचं वेळापत्रक असं. आता गोळी सुरू, जूनच्या सुरुवातीला हिमोग्लोबिन, ऑगस्टच्या शेवटी सीबीसी आणि फेरिटिन, तेव्हा ताप-सर्दी असेल तर ठीक झाल्यावर. फेरिटिन ४० च्या वर आणि हिमोग्लोबिन १४ च्या पुढे आलं तर मग द्या रक्त, आणि तिथून पुढे वर्षातून दोनदा. चारचा आग्रहच असेल तर प्रत्येक खेपेनंतर दोन महिने गोळी आणि वर्षातून एकदा फेरिटिन, या अटीवर. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईत रक्ताची नेहमी ओरड असते, तुमची एक पिशवी तेव्हासाठी ठेवा. आणि १ मेला फॉर्म भरून घेताना एक करा, दर तीन महिन्यांनी येणाऱ्या तुमच्या मंडळातल्या पोरांना हळूच विचारा, बर्फ खातोस का रे?